'प्रामाणिक, समजूतदार' न लिहिता 'जोडीदारात काय महत्त्वाचं वाटतं?' याचं उत्तर कसं द्यायचं?

शेवगा

नमस्कार मंडळी. वय ३१, मूळचा सांगलीचा, नोकरी पुण्यात. लग्नाचं बघणं सुरू आहे आणि एकाच प्रश्नावर दोन ठिकाणी अडलोय. हिंज या डेटिंग ॲपवर तीन प्रश्न निवडून प्रत्येकाचं उत्तर दीडशे अक्षरांत लिहायचं असतं. त्यातला एक मी 'जोडीदारात काय महत्त्वाचं वाटतं' या धर्तीचा निवडला. विवाह जुळवणाऱ्या साइटवर तर 'अपेक्षा' नावाचा अख्खा रकानाच आहे. दोन्हीकडे लिहिलं: "प्रामाणिक, समजूतदार, निष्ठावान, कुटुंबाला धरून राहणारी."

मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "ही बायकोची अपेक्षा आहे की बँकेच्या लॉकरची जाहिरात?" मला खरंच हेच हवंय हो. पण तिच्या मते यावरून माझ्याबद्दल काहीच कळत नाही. मग लिहू काय?

आबा_मिरजकर

बाळ, प्रामाणिक आणि समजूतदार यात चूक काय? फक्त त्यासोबत उंची, शिक्षण, पगार, शाकाहारी-मांसाहारी आणि पत्रिका बघणार की नाही हे स्पष्ट लिही. आमच्या भाच्याने हे लिहिलं नव्हतं, तीन स्थळं चहा-पोह्यांपर्यंत येऊन पत्रिकेवर अडली. घरचा पत्ता मात्र टाकू नकोस.

केतकी_पानशेत

आबा, त्याचा प्रश्न तो नाहीये. त्याला बायोडेटा नकोय.

आबा_मिरजकर

बायोडेटा नको तर लग्न कशाला करतोय?

तर्कटपंजी

शेवगा, तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे आणि त्याला आधारही आहे. डेव्हिड बस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात ३७ समाजांतल्या दहा हजारांवर लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं होतं. भारतही होता त्यात. स्त्री असो की पुरुष, मायाळू, समजून घेणारा आणि हुशार जोडीदार हे जवळपास सगळीकडे वरच्या क्रमांकांवर आलं. जे सगळ्यांनाच हवंय ते लिहून तू वेगळा कसा दिसणार?

पुढची गंमत म्हणजे लोक जे लिहितात त्याला काही अर्थच नसतो. २००८ मध्ये ईस्टविक आणि फिंकेल यांनी विद्यार्थ्यांकडून आधी आवडीनिवडी लिहून घेतल्या, मग त्यांच्या झटपट भेटी घडवल्या. कागदावरची पसंती आणि प्रत्यक्ष आवडलेली माणसं यांचा फारसा मेळ बसला नाही. त्यामुळे काहीही लिही. एखादा विनोद टाक आणि फोटो चांगला लाव.

मोगरा

तर्कटपंजी, अर्धं पटलं. त्या अभ्यासात काही मिनिटांच्या भेटीत कोण आवडलं हे बघितलं होतं आणि चर्चा मुख्यतः रूप नि कमाई यांचीच होती. पाच वर्षांनी कोणासोबत सुखात असाल, हे त्यात तपासलंच नव्हतं. आणि या रकान्याचं काम भविष्य वर्तवणं नाहीच मुळी. वाचणाऱ्या व्यक्तीने दोनपैकी एक ठरवावं, "याच्याशी बोलून बघू" किंवा "हा आपल्यातला नाही", एवढंच काम. विनोदाने पहिलं जमेल कदाचित, दुसरं नाही.

मी एका वधू-वर सूचक मंडळात बरीच वर्षं रविवारी फॉर्म लावायला बसते. 'अपेक्षा' रकाना वाचून वाचून आता पाठ झालाय: अनुरूप, सुसंस्कृत, मनमिळाऊ, समजूतदार. मी एक साधी गोष्ट करून बघते. लिहिलेलं उलटं करायचं आणि विचारायचं, असं कोणी शहाणा माणूस मागेल का? 'अप्रामाणिक मुलगी पाहिजे' कोणी लिहिणार नाही. म्हणजे 'प्रामाणिक' लिहून शेवग्याने काहीच निवडलेलं नाही. पण 'सुट्टीच्या दिवशी घरी बसून राहायला आवडणारी' उलटं करा. 'सुट्टीला घरात न टिकणारी' हे कुणीतरी हौसेने मागेल. दोन्ही माणसं भली, फक्त त्यांचं एकमेकांशी जमणार नाही. उत्तर असं हवं की एखाद्या भल्या माणसालाही ते वाचून मागे फिरता यावं.

('निर्व्यसनी'ला यातून सूट. ती अट आहे, गुण नाही. आबांची पत्रिकाही त्याच खात्यात. अटी लिहायच्याच, पण वेगळ्या ओळीत.)

शेवगा

ताई, पण मला खरंच प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. तो लपवून सुट्टीचं लिहू? ते उथळ नाही का होणार?

मोगरा

लपवायचं नाही. तो तुझ्याकडे कुठून आला ते शोधायचं. जोडीदार बाजूला ठेव. ज्यांच्यासोबत असताना तुला बरं वाटतं अशी दोन-तीन माणसं घे, मित्र, नातेवाईक, ऑफिसातलं कोणीही चालेल. त्यांचे गुण सांगू नकोस. त्यांनी केलेली एखादी गोष्ट सांग, जी बघून तुला वाटलं, "अशी माणसं हवीत."

शेवगा

बरं. पहिली कॉलेजातली मैत्रीण. (तीच, लॉकरवाली. नाही, तसं काही नाही, तिचं लग्न झालंय.) आम्ही सहाजण राजगडावरून गुंजवण्यात उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची एसटी गेलेली. उशीर माझ्यामुळे झाला होता, मी बालेकिल्ल्यावर फोटो काढत बसलो होतो. बाकीचे चौघं माझ्यावर तुटून पडले. ही तोवर समोरच्या घरात जाऊन विचारून आली होती की दुधाची पिकअप किती वाजता निघते. आम्ही कॅनच्या मध्ये बसून नसरापूर फाट्यापर्यंत आलो. तिथे चहा घेताना मग तिने मला जे काही सुनावलं! पण चहा हातात आल्यावर.

दुसरा जुन्या ऑफिसातला एक सीनियर. मीटिंगमध्ये त्याने माझा आकडा चुकीचा ठरवला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "काल याचं बरोबर होतं, मी जुनी फाईल बघत होतो." ना लांबण लावली, ना मस्का.

तिसरी माझी आत्या. तिला काहीही विचारा, माहीत नसेल तर सरळ 'मला नाही माहीत' म्हणते. आमच्या खानदानात हे कोणी म्हणत नाही.

केतकी_पानशेत

दुधाच्या पिकअपवाली मस्त आहे. हेच लिही ना.

खडूस_पुणेरी

राजगडाची गोष्ट दीडशे अक्षरांत? 'नसरापूर फाटा' येईपर्यंत संपेल जागा.

शेवगा

प्रयत्न केला. "अडचणीत डगमगून न जाणारी, दुसऱ्याला दोष न देणारी, आपली चूक मान्य करणारी."

मोगरा

परत तिथेच गेलास. लांबीने वाढले, पण हे गुणच आहेत. उलटं करून बघ: अडचणीत डगमगणारी, दोष देणारी. कोण मागेल? बहुतेकांचं इथेच घसरतं. गोष्ट आठवते, पण लिहिताना तिचा सारांश केला जातो, आणि सारांश केला की एसटी जाते नि विशेषण उरतं. एसटी ठेव.

आणि जरा नीट बघ, तुझ्या तिन्ही माणसांत एक गोष्ट समान आहे. तिघांनाही आपण बरोबर ठरण्याची घाई नाही. मैत्रीण तुला बोललीच, फक्त नंतर बोलली. सीनियरने स्वतःहून आकडा मागे घेतला. आत्या तर बरोबर असण्याच्या शर्यतीतच नाही. तुझा 'प्रामाणिक' म्हणजे हा आहे. कोणी पैशाबाबतीत प्रामाणिक असतं, कोणी भावनांबाबत. तुला हवी ती चुकीच्या बाबतीत प्रामाणिक. हे एकदा तुला कळलं की लिहिताना ते सांगावं लागत नाही.

शेवगा

हे लक्षात आलं नव्हतं. मग असं? "ऑफिसातून थकून आल्यावर आधी पाणी देऊन मग काय झालं ते विचारणारी, लगेच सल्ला न देणारी."

केतकी_पानशेत

अरे देवा. नको. हे वाचून मी पहिल्या तीन शब्दांतच पुढे सरकले असते. पाणी तू घे ना बाबा.

यात काय खटकतं ते सांगते, कारण मुलांच्या प्रोफाइलवर हे फार दिसतं. प्रसंग लिहिलाय, बरोबर, पण त्यात करणारी ती आणि सोय तुझी. जोडीदाराकडून मिळणाऱ्या सेवेची ऑर्डर वाटते. मुली पण लिहितात हं, "मी रागावले की न विचारता आइस्क्रीम आणणारा." तेच ते. राजगडवालीने जे केलं ते सहाजणांसाठी केलं, तुझ्या एकट्यासाठी नाही. म्हणून ती गोष्ट छान वाटते.

खडूस_पुणेरी

आइस्क्रीम आणायला माझी हरकत नाही. पण मस्तानीच. बाकी चर्चा चालू द्या.

संध्याछाया

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. वय ४१, घटस्फोट झालाय, परत बघतेय. पहिल्या नवऱ्याने लग्नाआधीचं कर्ज लपवलं होतं. मला ते कळलं वसुलीवाल्याचा फोन माझ्या नंबरवर आला तेव्हा. तोवर आमचा फ्लॅट दोघांच्या नावावर आणि हप्ता एकट्या माझ्या पगारातून जात होता. तुम्ही म्हणता 'प्रामाणिक' लिहू नका, त्यातून काही कळत नाही. मला तर तेवढाच एक शब्द लिहायचाय, मोठ्या अक्षरात. उलटं कोणी मागत नसेल, पण उलटं असणारे भरपूर भेटतात.

तर्कटपंजी

ताई, झालं ते वाईटच. पण तुमच्या त्या नवऱ्याने 'प्रामाणिक' वाचून अर्ज मागे घेतला असता का?

संध्याछाया

नाही. त्याच्या स्वतःच्या बायोडेटात तोच शब्द होता.

मोगरा

संध्या, तुमचं दुखणं खरं आहे, आणि तुम्ही तर शेवग्यापेक्षा जास्त नेमकं सांगू शकता. तुम्हाला काय बघायला मिळालं तर जीव शांत होईल? खरं बोलणं सोडा, ते दिसत नाही. नजरेला काय दिसलं पाहिजे?

संध्याछाया

महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांची पासबुकं आणि हप्त्यांचा कागद टेबलावर. त्याचे पण, माझे पण. चहा पिता पिता. बस.

मोगरा

मग तेच उत्तर आहे. "महिन्यातून एकदा दोघांचे जमाखर्च टेबलावर मांडून चहा पिणारा." हे उलटं करता येतं. 'माझा पैसा माझा, तुझा तुझा, विचारायचं नाही' असं मानणारी कितीतरी चांगली, सचोटीची माणसं आहेत. ती बाजूला होतील. आणि यात तुमची पासबुकंही आहेत, म्हणजे केतकी म्हणाली तशी ऑर्डर वाटत नाही.

तर्कटपंजी

एक शंका. सार्वजनिक प्रोफाइलवर ४१ वर्षांची, घटस्फोटित, एकटी कमावणारी बाई पैशाचं एवढं लिहिते म्हटल्यावर नको ती माणसं गोळा होतील. लग्नाच्या साइटवरून ओळख वाढवून पैसे उकळल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. असा भामटा पासबुक आणेल की, छापून आणेल.

मोगरा

हा मुद्दा रास्त आहे. मी असते तर पैशाचं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवलं असतं आणि प्रोफाइलवर त्याचं लहान भावंड लिहिलं असतं. उदाहरणार्थ, हॉटेलचं बिल, सहलीचा खर्च, यात कोण कसं वागतं.

संध्याछाया

मला नाही पटलं. ज्याला हे वाचून ओझं वाटेल तो पहिल्याच दिवशी जावा. तिसऱ्या भेटीपर्यंत मी साडी नेसून, पार्किंग शोधून जायचं आणि मग कळणार? भामट्याचं म्हणाल तर तो आइस्क्रीमवालीकडेही जातोच.

केतकी_पानशेत

+१. पण 'दोघांचे' हा शब्द आधी टाका, म्हणजे चौकशी वाटणार नाही.

आबा_मिरजकर

संध्याताई, आमच्या सौ. दर महिन्याला माझं पेन्शनचं पासबुक बघतात. चहा मात्र मलाच करावा लागतो.

शेवगा

आबा 😄

मी रात्री बसून हे केलं: "शेवटची एसटी चुकली तर चूक कोणाची हे नंतर. आधी गाडी शोधू, मग चहा, मग हवं तर भांडू." दीडशेत आरामात बसलं. एक कळलं, या मर्यादेत काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. 'प्रामाणिक' आपल्याला चार अक्षरं वाटतं, तिथे नऊ धरतात. म्हणजे मराठीत लिहायचं तर जागा वाटते त्याच्या निम्मीच समजा.

खडूस_पुणेरी

आता मी उलटं करतो. "शेवटची एसटी चुकवणारा माणूसच मला नको. मी अर्धा तास आधी स्टँडवर असतो." ही माझी खरी भूमिका आहे. म्हणजे माझं-तुझं जमणार नाही. अभिनंदन, परीक्षेत पास.

केतकी_पानशेत

मला आवडलं. 'शोधू' आणि 'भांडू' म्हटलंयस, म्हणजे तूही त्यात आहेस. आणि वाचणारीला उत्तर द्यायला जागा आहे. "गाडी नाहीच मिळाली तर?" एवढं तर कोणीही लिहून पाठवेल. 'समजूतदार'वर काय लिहून पाठवायचं? 'हो, मी पण'?

बोरन्हाण

सगळं वाचलं. 'हवं तर भांडू' मला खटकलं. माझ्या घरी रोज भांडणं ऐकत मोठी झालेय, तो शब्द दिसला की मी थांबत नाही. तो गंमतीत म्हणतोय हे कळतं, तरी.

केतकी_पानशेत

पण मग तू त्याच्यासाठी नाहीस इतकंच ना? तेच तर हवंय.

बोरन्हाण

असंही म्हणता येईल. किंवा त्याला भांडणारीच हवी असं काही नाही, शब्द चुकीचा पडला, असंही म्हणता येईल. एका शब्दावरून एवढं कसं ठरवणार? दीडशे अक्षरांत चूक दुरुस्त करायला जागा नसते, ही माझी तक्रार आहे.

मोगरा

बोरन्हाणचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. नेमकं लिहिलं की काही माणसं योग्य कारणाने जातात आणि काही चुकीच्या कारणाने. 'भांडू' हा शब्द शेवग्याच्या गोष्टीचा गाभा आहे का? तिने सुनावलं हे महत्त्वाचं, की चहानंतर सुनावलं हे? मला वाटतं क्रम महत्त्वाचा. शब्द बदलता येईल.

शेवगा

'मग हवं तर ऐकून घेईन' केलं तर? चूक माझीच होती तशीही.

केतकी_पानशेत

आता तू फारच गरीब वाटायला लागलास.

तर्कटपंजी

मला अजूनही एक प्रश्न पडतो. ही सगळी मेहनत करून तो असं वाक्य लिहिणार, आणि एखादी हुशार मुलगी ते वाचून पहिल्या भेटीत मुद्दाम रिक्षा चुकवून शांत राहून दाखवणार. नेमकं लिहिलं की नेमकं नाटक करता येतं. 'प्रामाणिक'चं नाटक करायला निदान वेळ लागतो.

मोगरा

एका रिक्षेला जमेल. सांगलीला जाताना घाटात गाडी तीन तास अडकली की कळेल. तेवढं तुम्हाला लग्नाआधी बघावं लागणारच, कुठलाही रकाना त्यातून सोडवत नाही.

शेवगा

हिंजवर 'भांडू'च ठेवलं. साइटच्या 'अपेक्षा' रकान्यात जागा भरपूर आहे, तिथे एसटीचं वाक्य वर आणि खाली अटी वेगळ्या लिहिल्या: पुण्यात राहणार, आईवडील सांगलीत, नोकरी करणारी असो वा नसो, पत्रिका बघत नाही. पण ते प्रोफाइल बाबांच्या मोबाइलवर आहे. त्यांनी वाचलं आणि फोन केला, "एसटी कशाला लिहिलंस? लोकांना वाटेल आपल्याकडे गाडी नाही."

खडूस_पुणेरी

'शेवटची लोकल' कर.

शेवगा

सांगलीत लोकल कुठली?

आबा_मिरजकर

मिरजेवरून कोल्हापूरची पॅसेंजर लिही. ती सगळ्यांनी कधी ना कधी चुकवली आहे. आणि उंची टाकलीस का नाही?